‘महाग आहे’ म्हणून गेलेले ग्राहक: उत्तर बिलाशी ताडून कसं वाचायचं

प्रश्न: आमची मासिक वर्गणीची ऑनलाइन सेवा आहे. रद्द करताना आम्ही कारण विचारतो आणि दहातले चार जण ‘महाग वाटतं’ निवडतात. ऑफिसात एक गट म्हणतो दर कमी करा, दुसरा म्हणतो प्रॉडक्टच पटत नाही, किंमत हे नुसतं निमित्त. बिलिंगचा सगळा डेटा हाताशी आहे. किमतीची खरी तक्रार कुठली आणि प्रॉडक्टची कुठली, हे कसं ओळखायचं?

उत्तर:

तुमचे दोन्ही गट ‘महाग’ या एका शब्दावरून भांडताहेत, पण त्या शब्दाआड चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. ‘बिल वाढलं’, ‘परवडत नाही’, ‘दुसरीकडे स्वस्त मिळतं’ आणि ‘पैसे वसूल होत नाहीत’. पहिल्या तिन्ही किमतीच्या आहेत, पण त्यांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. चौथी प्रॉडक्टची तक्रार आहे, फक्त ती पैशाच्या भाषेत बोलली जाते. तुमच्या फॉर्मवर या चारही जणींसाठी एकच बटण आहे, त्यामुळे फॉर्मकडे कितीही वेळ बघत बसलात तरी त्या सुट्या होणार नाहीत. बिलात मात्र प्रत्येक तक्रार आपला वेगळा माग सोडून जाते. तो माग कसा काढायचा ते सांगतो.

आधी जोडणीचं काम, कारण निम्म्या चुका इथेच होतात. बिलिंगसाठी स्ट्राइप वापरत असाल तर रद्द झालेल्या प्रत्येक वर्गणीवर `cancellation_details` नावाचा भाग असतो. त्यातलं `feedback` म्हणजे ग्राहकाने निवडलेलं कारण (`too_expensive`, `missing_features`, `unused`, `switched_service` वगैरे), `comment` म्हणजे त्याने लिहिलेला मजकूर, आणि `reason` म्हणजे वर्गणी मुळात कशी बंद झाली ते. या `reason`मध्ये `payment_failed` असेल तर तो ग्राहक स्वतःहून गेलेला नाही, कार्ड चाललं नाही म्हणून गेला आहे. त्याला सर्व्हे दिसलाच नाही. त्याला या हिशेबातून बाजूला ठेवा, पण फेकू नका. त्याच्याकडे पुढे परत यायचं आहे. दुसरी कुठली प्रणाली असेल तर नावं वेगळी असतील, पण या तीन गोष्टी कुठेतरी असतातच.

मग तारीख. बऱ्याच सेवांमध्ये रद्द केल्यावरही चालू महिना संपेपर्यंत वर्गणी सुरू राहते. त्यामुळे दोन तारखा तयार होतात: ग्राहकाने बटण दाबलं ती आणि सेवा प्रत्यक्ष बंद झाली ती. तुम्हाला पहिली हवी आहे. स्ट्राइपमध्ये `canceled_at` ही विनंतीची वेळ असते आणि `ended_at` ही संपल्याची. चुकून `ended_at` धरली तर सगळे ग्राहक बिलाच्या तारखेलाच गेल्यासारखे दिसतात, आणि ‘लोक बिल बघून जातात’ असा ठाम पण खोटा निष्कर्ष निघतो. ही चूक मी चांगल्या अनुभवी लोकांच्या हातून होताना पाहिली आहे, कारण आलेख दिसायला फार पटण्यासारखा असतो.

तिसरी गोष्ट रकमेची. छापील दर बघू नका, ग्राहकाच्या खात्यातून प्रत्यक्ष गेलेली रक्कम बघा, म्हणजे सवलत वजा करून आणि कर धरून. तुमच्या दृष्टीने दर वर्षभर तोच असतो, पण सवलत संपलेल्या माणसाच्या दृष्टीने तो दुप्पट झालेला असतो. तुमच्या चलनाऐवजी वेगळ्या चलनात कार्ड असलेल्या ग्राहकाचं बिल तर तुम्ही काहीही न करता वर-खाली होतं. असे ग्राहक बरेच असतील तर त्यांचा गट वेगळा ठेवा.

एवढं झालं की प्रत्येक रद्द विनंतीसमोर तिच्या आधीचं शेवटचं बिल आणि त्याच्या आधीचं बिल मांडायचं. पोस्टग्रेस असेल तर साधारण असं:

```sql
WITH inv AS (
  SELECT subscription_id, paid_at, amount_paid,
         LAG(amount_paid) OVER (
           PARTITION BY subscription_id
           ORDER BY paid_at) AS prev_paid
  FROM invoices
  WHERE billing_reason IN
    ('subscription_create', 'subscription_cycle')
)
SELECT c.subscription_id, c.feedback, c.canceled_at,
       i.paid_at, i.prev_paid, i.amount_paid
FROM cancellations c
LEFT JOIN LATERAL (
  SELECT * FROM inv
  WHERE inv.subscription_id = c.subscription_id
    AND inv.paid_at <= c.canceled_at
  ORDER BY paid_at DESC LIMIT 1
) i ON true
WHERE c.reason = 'cancellation_requested';
```

`billing_reason`वरची अट मुद्दाम आहे. महिन्याच्या मध्येच वापरकर्त्यांच्या जागा वाढवल्या किंवा प्लॅन बदलला की फरकाचं एक छोटं बिल निघू शकतं (`subscription_update`). ते यात आलं तर पुढचं नेहमीचं बिल त्याच्या तुलनेत प्रचंड वाढल्यासारखं दिसतं.

या तक्त्यात अजून एक रकाना हातानेच घालावा लागतो, आणि तोच सगळ्यात जास्त विसरला जातो: *पुढचं* बिल किती येणार होतं. दरवाढीचा मेल पाठवलात, किंवा ‘तुमची सवलत या महिन्यात संपते आहे’ असं कळवलंत, तर शहाणा ग्राहक वाढीव बिल येण्याआधीच निघून जातो. त्याच्या मागच्या बिलांत काहीच हललेलं दिसत नाही. नुसतं मागे बघितलंत तर दरवाढीमुळे गेलेली माणसं ‘बिल तेच होतं’ या गटात जाऊन बसतात, आणि दरवाढीचा काही परिणाम झाला नाही असं तुम्ही आनंदाने जाहीर करता. म्हणून चालू दर, जागांची संख्या आणि उरलेली सवलत यांवरून पुढची रक्कम काढून ठेवा, आणि मेल गेल्याची तारीखही सोबत ठेवा.

आता माग.

‘बिल वाढलं’ हा सगळ्यात सोपा. शेवटचं किंवा पुढचं बिल आधीच्यापेक्षा ठळक जास्त, मी साधारण १० टक्क्यांच्या वरची वाढ धरतो, आणि माणूस तोपर्यंत सेवा नीट वापरत असतो. ‘परवडत नाही’ याचा माग वेगळा. बिल तेच असतं, वापरही चालू असतो, पण पैसे निघायला त्रास होऊ लागलेला असतो. आधी एका फटक्यात जाणारी रक्कम आता दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात जाते (`attempt_count` बघा, आणि नकाराचं कारण `insufficient_funds` आहे का तेही). जागा एकेक करून कमी केलेल्या असतात, जोडीचं एखादं पॅकेज आधीच बंद केलेलं असतं. माणूस सोडायला तयार नसतो, हात आखडता घेत घेत शेवटी सोडतो. कार्ड न चालल्यामुळे आपोआप बंद झालेल्यांना फेकू नका म्हटलं ते यासाठीच. परवडत नसलेले बरेच जण त्या गटात असतात आणि सर्व्हेच्या आकड्यात कधीच मोजले जात नाहीत.

‘दुसरीकडे स्वस्त मिळतं’ यात बिल सपाट असतं, पैसे पहिल्याच प्रयत्नात जातात, वापर भरपूर असतो आणि मग एकदम तुटतो. जाण्याआधीच्या आठवड्यात माहिती डाउनलोड केलेली असेल तर शंका घ्यायला जागाच नाही. वार्षिक ग्राहक असेल तर तो मुदत संपायच्या बऱ्याच आधी आपोआप नूतनीकरण बंद करून ठेवतो, कारण निर्णय आधीच झालेला असतो.

‘पैसे वसूल होत नाहीत’ यात बिल सपाट, पैसे विनातक्रार जात असतात, आणि वापर केव्हाच विझलेला असतो. इथे शेवटच्या लॉगिनची तारीख मिळाली तर उत्तम. नसेल मिळत तर बिलातच तिची सावली शोधा: वापरावर आकारणी असेल तर त्या ओळी महिन्यामागून महिना लहान होत गेलेल्या दिसतील.

बहुतेक जण फसतात ते बिलाच्या तारखेला, म्हणून तिथे जरा थांबतो. रद्द करण्याच्या विनंत्या शेवटच्या बिलानंतर किती दिवसांनी आल्या याचा आलेख काढलात तर पहिल्या दोन-तीन दिवसांत मोठा उंचवटा दिसेल. त्यावरून ‘बिल बघून धक्का बसला, म्हणजे किंमत’ असं म्हणायचा मोह होतो. पण जो माणूस सेवा वापरतच नाही, त्याला तुमची आठवण फक्त बिल आल्यावरच होते. त्यामुळे विसरलेले ग्राहकही नेमके त्याच दोन-तीन दिवसांत येतात. बिलाची तारीख त्याने *केव्हा* ठरवलं ते सांगते, *का* ठरवलं ते सांगत नाही. ‘का’ हवं असेल तर दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात: बिल हललं का, आणि वापर त्याआधीच पडला होता का?

दोन नोंदी शेजारी ठेवून बघा. दोघांनीही `too_expensive` निवडलं आहे आणि दोघांनीही बिलानंतर दोन दिवसांच्या आत रद्द केलं आहे. पहिल्याची बिलं ५०, ५०, ५० आणि मग १००. शेवटच्या ३० दिवसांत त्याने २२ दिवस सेवा उघडली आहे. त्याचा मजकूर: ‘अचानक दुप्पट?’ दुसऱ्याचं बिल १४ महिने १०० चं १००, प्रत्येक वेळी पहिल्याच प्रयत्नात वसूल. शेवटचं लॉगिन ११ मार्चला. ३ एप्रिलला बिल गेलं, ३ मेला गेलं, ४ मेला त्याने रद्द केलं. मध्ये ५४ दिवस त्याने दार उघडलेलं नाही. त्याचा मजकूर: ‘दर महिन्याला एवढे पैसे जातात, परवडत नाही.’ शब्द ‘परवडत नाही’ असा आहे, पण परवडत नसल्याची एकही खूण बिलात नाही. ११ मार्चच्या आसपास त्याचं काम तुमच्याशिवाय होऊ लागलं, आणि खरी रद्द होण्याची तारीख तीच होती. त्याला तुम्ही दर ८० करून दिलात तर दार न उघडता तो आणखी दोन महिने ८० देईल, एवढंच. आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

आता पूर्ण हिशेब एकदा मांडून दाखवतो. आकडे समजावण्यासाठी बांधलेले आहेत, तुमचे वेगळे येतील, पण पायऱ्या याच राहतील. एका टीमसाठीच्या सॉफ्टवेअरचा मासिक दर १०० आहे. काही ग्राहकांना पहिले तीन महिने निम्म्या दरात मिळतात. एका तिमाहीत ६०० वर्गण्या बंद झाल्या. त्यातल्या ८० कार्ड न चालल्याने. उरलेल्या ५२० पैकी ४०० जणांनी सर्व्हे भरला आणि १६० जणांनी ‘महाग’ निवडलं. म्हणजे तुमचे दहातले चार.

या १६० ची पहिली विभागणी: बिल हललं का? ६२ जणांची सवलत नुकतीच संपली होती किंवा संपणार होती. १४ जणांनी स्वतःच जागा वाढवल्या होत्या म्हणून बिल चढलं होतं. ८४ जणांचं बिल जैसे थे.

इथे थांबून ‘७६ जण किमतीमुळे गेले’ असं म्हणायचं नाही. सवलत चौथ्या महिन्यात संपते, आणि चौथा महिना हा नव्या ग्राहकांच्या गळतीचा महिना एरवीही असतोच. सवलत संपली नसती तरी यातले काही गेलेच असते, आणि जाताना त्यांनीही ‘महाग’च निवडलं असतं. म्हणून तुलनेला माणसं हवीत: तेवढ्याच जुन्या, पण पहिल्यापासून पूर्ण दर देणाऱ्या ग्राहकांमधून त्याच महिन्यात किती जण ‘महाग’ म्हणून गेले? समजा चौथ्या महिन्यात पोचलेले सवलतीवाले १००० होते, त्यातून ६२ गेले. पूर्ण दरवालेही १००० होते, त्यातून २१ गेले. म्हणजे बिलाच्या उडीच्या खात्यावर साधारण ४१ टाकता येतात. उरलेले २१ एरवीही गेले असते.

ही तुलना पूर्ण निर्दोष नाही. सवलत बघून येणारा माणूस मुळातच किमतीबद्दल जागरूक असतो, त्यामुळे ४१ हा आकडा थोडा फुगलेला असू शकतो. सवलत कोणाला मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरवलं असेल तरच तो नितळ मिळतो. दुसरं म्हणजे, हे ४१ जण *कोणते* ते तुम्हाला सांगता येणार नाही. ६२ जणांत ते मिसळलेले आहेत. आकडा गटाचा आहे, व्यक्तीचा नाही. प्रत्येक ग्राहकाच्या कपाळावर ‘किंमत’ किंवा ‘प्रॉडक्ट’ अशी चिठ्ठी चिकटवण्याचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे नकार द्या.

मग बिल न हललेले ८४. यांच्या वापराकडे बघितलं. ५१ जणांचा वापर जाण्याच्या महिनाभर आधीच निम्म्याच्या खाली आला होता. १९ जण नियमित वापरत होते, पण १० जागांचे पैसे देऊन त्यांनी कधी तीनपेक्षा जास्त जागा वापरल्याच नव्हत्या. १४ जण भरपूर वापरत होते आणि प्लॅनही त्यांच्या मापाचा होता. या १४ पैकी ६ जणांचे पैसे शेवटच्या दोन बिलांत एका प्रयत्नात निघाले नव्हते, म्हणजे त्यांना खरोखर परवडत नव्हतं. बाकीचे ८ बहुधा दुसरीकडे गेले.

आता बेरीज करून बघा. प्रॉडक्टची तक्रार ५१. मापाचा प्लॅन न मिळाल्याची १९. सवलत संपण्याच्या उडीची ४१. जागा वाढल्याने बिल चढल्याची १४. खरोखर दर जास्त वाटलेले किंवा न परवडलेले १४. आणि कुठल्याच खात्यावर न टाकता येणारे २१. मिळून १६०.

तुमच्या दोन गटांच्या भांडणात मला जे महत्त्वाचं वाटतं ते इथे दिसतं. किमतीशी संबंध असलेले बरेच आहेत, त्यामुळे ‘किंमत हे नुसतं निमित्त’ हे खरं नाही. पण ‘दर कमी करा’ हा उपाय ज्यांना थेट लागू पडेल असे शेवटचे १४ आणि फार तर जागांवाले १४. सर्वात मोठ्या किमतीच्या गटाला, त्या ४१ जणांना, १०० हा दर खुपला नाही. ५० वरून १०० ही उडी खुपली. त्यांच्यासाठी ५०, ७०, ८५ अशी पायरीपायरीने सवलत उतरवून बघता येईल, दराला हात न लावता. आणि त्या १९ जणांना लहान प्लॅन समोर ठेवला असता तर ते बहुधा राहिलेच असते. सरसकट दरकपात केली असती तर यातलं काहीच कळलं नसतं, आणि जे खुशीने पूर्ण पैसे देत होते त्यांचंही उत्पन्न गेलं असतं.

उलट्या दिशेनेही एकदा जा. ‘हवी ती सोय नाही’ निवडणाऱ्यांमध्ये किमतीच्या तक्रारी लपलेल्या असतात, आणि त्या शोधायला फारसं कोणी जात नाही. त्यांचे मजकूर वाचताना ज्या सोयीचं नाव येतं ती तुमच्याकडे खरंच नाही का, हे तपासा. बऱ्याचदा ती असते, पण वरच्या प्लॅनमध्ये. ‘रिपोर्ट एक्सेलमध्ये काढता येत नाही’ असं लिहिणारा माणूस ३० च्या प्लॅनवर आहे आणि ती सोय १०० च्या प्लॅनमध्ये आहे, तर तो ७० च्या फरकाबद्दल बोलतो आहे. प्रॉडक्ट टीमने ती सोय ‘बनवायच्या यादीत’ टाकली तर मोठीच पंचाईत, कारण ती बनवून झालेली आहे. अशा प्रत्येक मजकुरासमोर ग्राहकाचा प्लॅन लिहा आणि ती सोय कुठल्या प्लॅनपासून सुरू होते ते लिहा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मजकूर वाचण्याबद्दल एकच पथ्य सांगतो, पण ते कडक पाळा. वाचणाऱ्याला ग्राहकाने कुठलं बटण दाबलं ते दिसता कामा नये, आणि बिलही दिसता कामा नये. एकदा बिलातली उडी दिसली की ‘आता नाही जमत’ यासारखं साधं वाक्यही किमतीबद्दल वाटायला लागतं. दोघांनी वेगवेगळं वाचायचं, प्रत्येक मजकुराला वरच्या चार तक्रारींपैकी एक, किंवा ‘सांगता येत नाही’, असं लेबल लावायचं, आणि मगच बिलाशी जोडायचं. दोघांची लेबलं वारंवार जुळत नसतील तर दोष वाचणाऱ्यांचा नाही, मजकुरातच तेवढं सांगितलेलं नाही. तिथे बिलाचा कौल जास्त ग्राह्य धरा. आणि जिथे मजकूर एक सांगतो, बिल दुसरं सांगतं, अशा नोंदी वेगळ्या काढून त्यातल्या दहा-पंधरा जणांना शक्य असेल तर फोन करा. एवढ्या फोनांतून जे कळतं ते चार तक्त्यांतून कळत नाही.

तुमच्या विभागणीची परीक्षा घ्यायचा एक रोखठोक मार्गही आहे. रद्द करताना सवलत देऊ करत असाल तर ती घेऊन थांबलेल्या ग्राहकांकडे बघा, पण ‘थांबला’ कोणाला म्हणायचं ते नीट ठरवा. सवलत संपल्यानंतर पूर्ण दराची तीन बिलं भरणारा खरा थांबला. विभागणी बरोबर असेल तर ‘परवडत नाही’ आणि ‘बिल वाढलं’ या गटांतले लोक जास्त टिकलेले दिसतील, आणि वापर विझलेले लोक सवलत संपताच पुन्हा रद्द करताना दिसतील. दोन्ही गट सारखेच टिकत असतील तर तुमची वापराची सीमारेषा चुकीच्या जागी आहे. ‘निम्म्याच्या खाली’ ऐवजी दुसरं माप लावून बघा. ही सवलत निम्म्या लोकांना, चिठ्ठी टाकल्यासारखी, देऊ केलीत तर निकालावर जास्त विसंबता येईल. नाहीतर ‘ज्यांना राहायचंच होतं त्यांनीच सवलत घेतली’ हा आक्षेप उरतो, आणि तो रास्त असतो.

काही गोष्टी या पद्धतीने कळत नाहीत. सर्व्हे न भरलेले १२० जण काय म्हणाले असते ते तुम्हाला माहीत नाही; त्यांची बिलं आणि वापर भरलेल्यांसारखीच आहेत का एवढं तपासता येतं. कंपन्यांना विकत असाल तर पैसे देणारा एक आणि वापरणारा दुसरा असतो, आणि रद्द करणारा बहुधा पैसे देणाराच असतो. त्याच्या तोंडी ‘महाग’ येणारच, कारण त्याने सेवा कधी उघडलेलीच नसते. अशा खात्यांत वापर त्या माणसाचा नाही, सगळ्या टीमचा मोजा. आणि वार्षिक ग्राहकांना या तक्त्यात मासिकांबरोबर मिसळू नका. त्यांच्याकडे तुलनेला बारा महिन्यांतून एकच बिल असतं, आणि वापर विझून आठ महिने झाले तरी रद्द करायची वेळ आलेली नसते.

शेवटी फॉर्म. ‘महाग वाटतं’ हे बटण काढून त्या जागी दोन ठेवा: ‘बिल पूर्वीपेक्षा वाढलं’ आणि ‘जेवढं वापरतो त्या मानाने पैसे जास्त’. त्याच्या जोडीला ‘सध्या खर्च कमी करतो आहे’ आणि ‘दुसरी स्वस्त सेवा मिळाली’ हेही असू द्या. पर्यायांचा क्रम प्रत्येकाला बदलून दाखवा, कारण पडद्यावरच्या यादीत वरचा पर्याय जास्त निवडला जातो. फक्त ‘इतर’ नेहमी तळाशी. स्ट्राइपचं तयार ग्राहक-पोर्टल वापरत असाल तर कारणांची यादी त्यांच्या ठरलेल्या पर्यायांतूनच निवडावी लागते, त्यामुळे ही चार बटणं हवी असतील तर रद्द करण्याचं पान तुमचं स्वतःचं करावं लागेल. बदल केल्यावर निदान एक महिना निम्म्या लोकांना जुना फॉर्म आणि निम्म्यांना नवा दाखवा. तसं केलं नाहीत तर ‘महाग’चे जुने आकडे नव्या चार आकड्यांशी कसे जुळतात हे कधीच सांगता येणार नाही, आणि पुढच्या तिमाहीत कोणीतरी विचारेल की किमतीच्या तक्रारी एकदम कमी कशा झाल्या.